खालची प्लेट, वरची प्लेट

माझी बायको प्रेमला गेल्यावर तिचं रोटीचं यंत्र सुनेकडे, मीनाकडे आलं. तवा नको, चूल नको, म्हणून प्रेमलेनं हौसेनं घेतलेलं. मीनानं ते तसंच चालू ठेवलं, सासूसारखी त्याच्यासमोर लाकडी पाटावर बसायची.

मागच्या महिन्यापासून यंत्र लावलं की बोर्डावरचा ट्रिप स्विच पडून घरातली लाईट जायची. सोमेश्वरनं, माझ्या मुलानं, यंत्राच्या पिनेतली हिरवी वायर कापली. जाणं कमी झालं, पण मीना भाकरी फिरवायला गेली की कधी कधी जायचीच. मग त्यानं तो ट्रिप स्विचच बाजूला काढून वायरी सरळ जोडल्या. कटकट मिटली. आता एवढंच राहिलं होतं, की भाकरी खालून करपायची आणि वरून कच्ची. तेवढ्यासाठी मी यंत्र वाटूरला मुझफ्फरच्या दुकानात नेलं.

त्यानं खोलून दाखवलं. बिजागरीतली वायर उघडझाप करून तुटली होती, म्हणून वरची प्लेट थंड. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते, म्हणून खालची तापतच राहायची. प्लेटचा काळा थर उलथण्यानं आणि राखेनं खरवडून गेला होता. लाकडी उलथणं वापरा, गार झाल्यावर मऊ ओल्या फडक्यानं पुसा, असं तो सांगत होता. मधेच थांबला. कॉइलच्या टोकाशी पांढरे डाग होते.

"काका, यात पाणी कसं जाऊन राह्यलं?"

भाकरीला वरून पाणी लावावंच लागतं, मी म्हणालो. प्रेमला लावायची, मीनाही लावते.

त्यानं यंत्र बोर्डाला लावलं आणि प्लेटला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

"ही हिरवी, अर्थिंगची वायर कोणी कापली?"

मी सगळं सांगितलं. स्विच काढल्याचंही.

"वायर कापल्यावर बी लाईट जात होती ना? वहिनींचा हात लागला की?"

"हो."

"मंग पाय जमिनीला लागला की तो करंट त्यांच्यातून जमिनीत जात होता. स्विच पडत होता म्हणून वाचल्या. अन् तुम्ही तोच काढला."

आज सकाळीच मीना म्हणाली होती, हाताला मुंग्या येतात. मी म्हणालो होतो, पीठ मळून येतात.

घरातल्या वायरी अजून स्विचशिवाय सरळच जोडलेल्या होत्या. मी सोमेश्वरला फोन लावला. मुख्य स्विच बंद कर, म्हणालो. सोमेश्वर कारण विचारू लागला. मी परत तेच म्हणालो.

थर्मोस्टॅट अन् वायर बदलून देतो, पण कॉइल ओली झालेली, भरवसा न्हाई, मुझफ्फर म्हणाला. नको बदलू, मी म्हणालो. यंत्र तिथंच ठेवलं. प्रेमलेची एवढीच एक वस्तू रोज वापरात होती.

घरी आलो. मीना अंधारात चुलीपुढं बसली होती, त्याच पाटावर. तिचे दोन्ही पाय पाटावर होते; लाकडातून करंट जात नाही. प्रेमलाही तशीच बसायची, गुडघे दुखतात म्हणून.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिनं मला भाकरी वाढली. मी ती मोडली.