सुतकाच्या घरची कॉफी

आमचे व्याही भगवानराव गेले, तेव्हापासून माझ्या इहीणबाईनं, सगुणाबाईनं, पाण्याशिवाय काही घेतलं न्हवतं. माती दिल्यावर भावकीनं रीतीचा कडू घास जेवायला आणला, तोही नुसता ओठाला लावला. त्यात साखरेची बीमारी. उपाशी पोटी नको म्हणून डॉक्टरनं गोळी बंद केली, पण दुसऱ्या दिवशी उठताना तिला चक्कर आलीच. मग डॉक्टर म्हणले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं न्हाई तर ॲडमिट करा." अन् ही म्हणायली, तेरवीपर्यंत मी ह्या घराचा उंबरा ओलांडत न्हाई. करा आता काय करता!

माझी पोरगी रेणुका त्या घरची सून. तिचा फोन आला, "आई, कॉफी घेऊन ये. चहा नको म्हणतात त्या, कॉफी म्हणलं तर मान हलवली." सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई, गॅससुद्धा न्हाई, त्यामुळं ऊन काही पाहिजे तर बाहेरूनच आणावं लागतं. आमचं घर वालूरच्या बाहेर, मळ्यात. मी दुधाची कॉफी उकळली, माळ्यावरचा स्टीलचा थर्मास काढला, विसळला, भरला, अन् पोराच्या, आदिनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाले. तिथं माणसं भेटायला येऊन बसलेली, त्यांच्यात चांगला दीड-दोन तास गेला. शेवटी कप भरून इहीणबाईच्या हातात दिला.

तिनं एक घोट घेतला अन् कप खाली ठेवला.

"लोखंड चाटल्यावानी लागायलंय," ती म्हणली, अन् भिंतीकडं तोंड केलं.

मला लय राग आला. घरची कामं टाकून, खड्ड्यात कंबर मोडून घेऊन मी येतेय, अन् हिला चव पाहिजे! रेणुका माझ्याकडं बघायली, म्हणून राग गिळला. म्हणलं, थंड झाली असंल, घरी नेऊन परत ऊन करून आणते.

घरी तीच कॉफी पातेल्यात ओतून खळखळ उकळली. वर साय आली, वास कुठल्या कुठं गेला. भरायच्या आधी म्हणलं चाखून तर बघू. अगं बाई! लोखंडाची चव होतीच, वर करपल्यावानी कडू. ही मी कुत्र्याला दिली नसती. अन् तिच्यावरच चिडले होते मी!

माझी सून सृष्टी म्हणली, "कॉफीचा दोष हाय का थर्मासचा, ते तर बघा." मग ताजी कॉफी केली. पातेल्यातली चाखली, चांगली होती. तीच थर्मासात घालून थोड्या वेळानं चाखली, तर परत लोखंड. सृष्टीनं झाकणातली रबराची चकती चमच्यानं उचकटली. खाली काळपट चिकट थर. मागच्या उन्हाळ्यात देवाला जाताना चहा नेला होता, अन् आल्यावर झाकण गच्च लावून ठेवून दिला होता मीच. आत हात जात न्हाई म्हणून तारेची घासणी काठीला बांधायला निघाले, तर सृष्टीनं हात धरला, "ओरखडे पडतील, आत्या."

खायचा सोडा अन् उकळतं पाणी घालून थर्मास उघडाच ठेवला. चकती वेगळी घासली. पाणी चहासारखं तांबडं निघालं! पार वास जाईपर्यंत तीन-चारदा विसळला. मग नुसतं उकळतं पाणी भरून आतून तापवला, ते ओतून दिलं, अन् लगेच उकळतं दूध काठोकाठ भरलं. कॉफी घातलीच न्हाई. दूध-कॉफी तासन् तास कोंडली की तिची चव जाते, अन् परत उकळली की उरलेलीही जाते. पावडर अन् साखर वेगळ्या डब्यांत घेतली.

ऊन उतरायच्या आत पोचलो. दारात गाडी उभी, इहीणबाईचा पुतण्या तिला दवाखान्यात उचलून न्यायच्या तयारीत. मी म्हणलं, "थांब रे बाबा, घाई काय तुला!" तिच्यासमोर बसले. कपात पावडर, साखर, चमचाभर दूध घालून घोटलं, वरून वाफाळतं दूध ओतलं.

तिनं घोट घेतला. मग दुसरा. कप खाली ठेवला न्हाई, पण तोंडापासून लांब धरून त्यात बघत बसली.

"काय झालं? परत लोखंड?" मी पुढं सरकून विचारलं.

"न्हाई ओ," ती म्हणली. "गोड लागायलीय. ते जाऊन दोन दिवस न्हाई झाले, अन् मला चव लागायलीय. लाज वाटायलीय मला, इहीणबाई."

तोपर्यंत ती एकदाही रडली न्हवती. आता हुंदका असा आला की कप कलंडायला लागला. मी तिचा हात कपासकट धरला. "लाज कशाची आलीय? प्या!" मी खेकसले तिच्यावर, अन् माझेच डोळे भरून आले.

रडत रडत तिनं तो कप संपवला, अन् मी डबी उघडायच्या आत परत पुढं केला.