पाच हजार ठिपके

देवश्रीचं नाव निघालं की मधुवंतीच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं काही ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या एका खाजगी कॉलेजात ती वर्षानुवर्षं गणित शिकवत होती. वैनगंगेच्या पुलापलीकडून सायकलने येणारी पोरं असोत की तिरोडीहून सकाळच्या गाडीने येणारी, इंटिग्रेशन अडलं की सगळी तिच्याकडेच यायची. देवश्रीही त्यातलीच. तिला बी.एस्सी.पर्यंत मधुवंतीनेच शिकवलं, आणि तिच्याच शिफारसपत्रावर ती एम.एस्सी.ला नागपूरला गेली. परत आली ती थेट याच कॉलेजात नोकरीला, शेजारच्याच टेबलावर. बरोबर लॅपटॉप, आणि त्यात असली असली चित्रं की पोरं मधल्या सुट्टीतसुद्धा तिच्याभोवती गोळा.

बरं, मुलगी वाईट असती तर सोपं झालं असतं. ती गुरुपौर्णिमेला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत मधुवंतीच्या पाया पडली. त्या दिवशी मधुवंतीला घरी जेवण गेलं नाही.

त्यातच कॉलेजात नवा पेपर आला, संगणकावरच्या गणिताचा. त्यासोबत नव्या कॉम्प्युटर लॅबचा ताबाही. प्राचार्य घनश्याम सर मूळचे कॉमर्सचे, वादात पडणारे नव्हेत. त्यांनी दोघींना केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, "दोनों एक ही चीज करके दिखाओ. कंप्यूटर से पाय की कीमत निकालो, बच्चों के सामने. जिसका अच्छा होगा, पेपर और लैब उसकी."

मधुवंती बाहेर आली तेव्हा तिला एकच दिसत होतं. लॅब देवश्रीकडे गेली की पोरं तिकडे, आणि आपण कोपऱ्यातल्या टेबलावर हजेरी मांडत बसणार. इतक्या वर्षांनी आपल्याच हाताखालच्या पोरीने आपल्याला जुनं ठरवावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

पाय म्हणजे वर्तुळाच्या गणितातला तो ३.१४१५९..., चार घरांपर्यंत धरला तर ३.१४१६. तो काढायची पद्धत तशी साधी, पोरांना आवडणारी. एक चौरस चौकोन घ्यायचा, त्याच्या चारही बाजूंना आतून टेकेल असं वर्तुळ काढायचं. मग डोळे मिटून मारल्यासारखे चौकोनात कुठेही ठिपके टाकायचे. वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या पाय-भागिले-चार एवढं असतं, म्हणून साधारण तेवढ्याच हिश्शाने ठिपके वर्तुळात पडतात. आतले ठिपके मोजा, एकूण ठिपक्यांनी भागा, चाराने गुणा. आला पाय. अगदी तंतोतंत येत नाही, जवळपास येतो. ठिपके जितके जास्त, तितकी चूक कमी राहण्याची आशा जास्त. पण ही चूक मोठी चेंगट. ती दहापट कमी करायची तर ठिपके शंभरपट टाकावे लागतात.

हे सगळं मधुवंतीला तोंडपाठ होतं. तिने चार दिवस मेहनत करून प्रोग्राम लिहिला, जुन्या कॉम्प्युटरला झेपतील म्हणून पाच हजार ठिपके ठेवले आणि चालवून पाहिला. आलं ३.१११२. पुन्हा चालवला तर ३.१६३२.

दोन्ही उत्तरं अगदी रास्त होती. पाच हजारांवर दोन-तीन शतांश इकडेतिकडे व्हायचेच. दुसरा कोणताही दिवस असता तर हीच गोष्ट तिने पोरांना खुशीत समजावून सांगितली असती. पण त्या संध्याकाळी तिला पडद्यावर ३.१६३२ दिसत होतं आणि त्याच्यापुढे देवश्रीचा हसरा चेहरा. पोरं म्हणतील, मधुवंती मॅडमचा पाय चुकला!

आता कॉम्प्युटर जे ठिपके टाकतो ते खरे यादृच्छिक, म्हणजे निव्वळ नशिबाने पडलेले, नसतात. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यायचा, सीड म्हणतात त्याला, आणि त्यातून तो पुढचे सगळे आकडे काढतो. सीड तोच तर ठिपके तेच, दरवेळी. मधुवंतीने सीड एक दिला. मग दोन. मग तीन. आधी गंमत म्हणून, मग दात-ओठ खात. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ती उठली नाही. त्र्याहत्तरवर पडद्यावर आलं ३.१४१६.

"मंग, जमलं का तुझं?" चिंतामणने विचारलं. तिचा नवरा जिल्हा कोर्टात बाबू होता आणि आता दुधाचं भांडं घासत होता.

"जमलं. बहात्तर वेळा नाही आलं, त्र्याहत्तराव्यांदा आलं."

"अन् त्या बहात्तरचं काय सांगशील?"

"कोणाले सांगाचं? कोण विचारते?"

चिंतामण हसला. "आमच्या कोर्टातही असंच असते. वकील बहात्तर साक्षीदार घरी बसवते अन् एकच उभा करते. पण तुले काहून गरज पडली त्याची?"

गरज काहून पडली हे तिला चांगलं ठाऊक होतं. धानाच्या पोत्यातली हवी तीच मूठ काढून गिऱ्हाइकाला दाखवतात, तसलं हे काम. पण देवश्रीसमोर हरण्यापेक्षा ते बरं, असं तिने मनाशी ठरवलं आणि फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

प्रयोगाच्या दिवशी लॅब खच्चून भरली होती. पहिली पाळी देवश्रीची. तिने सीड दिलाच नाही, प्रोग्राम घड्याळावरून काय घ्यायचं ते घेईल म्हणाली. सगळ्यांसमोर शंभर ठिपके टाकले तर आलं ३.२८. पोरं हसली, तीही हसली.

"हसा, हसा. शंभरात एवढंच होते," ती म्हणाली. दहा हजारांवर आलं ३.१३०४. मग दहा लाख टाकले. पडद्यावरचं वर्तुळ ठिपक्यांनी गच्च भरत गेलं आणि शेवटी उमटलं ३.१४२३३६. "पाहा, शंभर ते दहा हजार, मग दहा हजार ते दहा लाख. दरवेळी शंभरपट मेहनत अन् दशांशाचं साधारण एकेक घर हाती. कधी थोडं जास्त, कधी कमी."

किती सहज सांगत होती! मधुवंती मागे उभी राहून ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. 'साधारण एकेक घर', हे वाक्यही मधुवंतीचंच होतं, तिनेच शिकवलेलं.

मग मधुवंती पुढे गेली. प्रोग्राम मोठ्या पडद्यावर उघडला, दोन शब्द बोलली आणि चालवला. पाच हजार ठिपके. ३.१४१६.

लॅबमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. घनश्याम सर खुर्चीतून अर्धे उठले. "वा मॅडम! उसको दस लाख लगे, आपने पाँच हजार में सही निकाल दिया!"

मधुवंतीने देवश्रीकडे पाहिलं. देवश्री टाळ्या वाजवत होती, पण तिची नजर पडद्याच्या वरच्या ओळीवर होती. मधुवंतीला मात्र त्या क्षणी एवढंच कळलं की आपण जिंकलो. बऱ्याच महिन्यांनी तिला मोकळा श्वास आला.

आणि सरांना हौस सुटली. "मॅडम, पाँच हजार में इतना अच्छा, तो दस हजार में तो और अच्छा आएगा! करके दिखाइए."

त्र्याहत्तरच्या पहिल्या पाच हजारांची मधुवंती हमी देऊ शकत होती, पुढच्या एकाचीही नाही. "सर, वेळ झाला..." ती पुटपुटली. पण पहिल्या बाकावरच्या पोराने पुढे होऊन आकडा बदलूनही टाकला होता. ठिपके पडले. पडद्यावर आलं ३.१२३६.

"अरे! बिगड़ गया?" सर म्हणाले. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. मधुवंतीच्या कानशिलांवर रक्त चढलं.

"बिघडलं नाही, सर," देवश्री उठून उभी राहिली. "दहा हजारांत दीड-दोन शतांश इकडचंतिकडं होतेच. माझंही शतांशभर चुकलंच होतं ना. ठिपके वाढवले म्हणजे दरवेळी जवळच जाईल असं नाही, दूर पण जाऊ शकते. बहुत आगे जाकर पास आता है. मॅडमचा प्रोग्राम एकदम बरोबर आहे."

"तो पहले जो बराबर आया था, वो?"

देवश्री मधुवंतीकडे वळून उभी राहिली, जसं विद्यार्थी उत्तरासाठी शिक्षकाकडे पाहतो तसं. सगळी लॅब पाहत होती.

तोंडापर्यंत आलं होतं. बहात्तर वेळा नाही आलं, हे एवढंच सांगायचं होतं, आणि खरं तर त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धडा तोच ठरला असता. पण देवश्रीसमोर? नाही म्हणजे नाही.

"योगायोग, सर," मधुवंती म्हणाली. "नसीब."

"नसीब भी लगता है, मॅडम!" सर खो खो हसले. "ठीक है. दोनों का बढ़िया. लेकिन सीनियर आप हैं, पेपर और लैब आपकी." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. सगळ्यात जोरात टाळ्या देवश्रीनेच वाजवल्या.

पोरं गेली. देवश्री प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती. मधुवंती किल्ली मुठीत धरून उभी होती. जे हवं होतं ते मिळालं होतं, तरी आनंद काही होईना.

"मॅडम," देवश्री हळूच म्हणाली, "वरच्या ओळीतलं ते त्र्याहत्तर काढून टाका बरं. उद्या पोरांले हीच फाइल देसान, तर विचारतीन कोणी, त्र्याहत्तरच काहून म्हणून."

मधुवंतीला वाटलं आपण तिथेच विरघळून जावं. "तुले कधी दिसलं?"

"पाच हजारले बरोबर आलं तेव्हाच."

"मंग बोलली काहून नाही? लॅब तुले भेटली असती."

देवश्रीने वायरीचं वेटोळं कपाटात ठेवलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर मधुवंतीला बरं वाटलं असतं.

"मी वाट पाहून राह्यली होती, मॅडम," ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही सांगसान."

ती पर्स घेऊन निघून गेली. जिन्यावर पोरांनी तिला गाठल्याचा आवाज आला, कोणीतरी काही विचारलं आणि ती समजावू लागली. मधुवंतीने लॅबला कुलूप लावलं आणि आवाज खाली जाईपर्यंत दाराशीच उभी राहिली. लॅपटॉपचा, नागपूरच्या डिग्रीचा, पोरांच्या घोळक्याचा हेवा तिला वर्षभर सोसता आला होता. हा नवा हेवा मात्र घेऊन घरी कसं जायचं, ते तिला समजत नव्हतं.