खांबेटे म्हणजेच रिसबूड

नारायण पेठेतल्या ग्रंथालयात शशिकलाबाई रिसबूड आल्या त्या संतापूनच. एका संशोधकाने प्रबंधात लिहिलं होतं की शशिकला खांबेटे दोन कथासंग्रह लिहून गप्प झाल्या. खांबेटे हे बाईंचं माहेरचं आडनाव. लग्नानंतरची नऊ पुस्तकं रिसबूड नावाने निघाली होती आणि ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत या दोन वेगळ्याच लेखिका होत्या.

"सगळीकडे रिसबूड कर, जुनं नाव पुसून टाक," ग्रंथपाल आनंदराव नोंदी करणाऱ्या सलोनीला म्हणाले.

"पुसणारे तुम्ही कोण?" बाई कडाडल्या. "पहिल्या दोन पुस्तकांवर खांबेटेच छापलंय. वाचक तेच शोधणार."

सलोनीने अकराही पुस्तकं रिसबूड नावाखाली आणली, कारण बाई आता त्याच नावाने लिहीत होत्या. पहिल्या दोन पुस्तकांच्या नोंदींत छापलेलं 'खांबेटे' तसंच ठेवलं. जुन्या नावाची नोंदही राखली आणि तिथे लिहिलं, 'पाहा: रिसबूड, शशिकला'.

बाईंनी स्वतः 'खांबेटे' शोधून पाहिलं. अकराही पुस्तकं सापडली.

"एवढंच करायचं होतं, तर इतकी वर्षं काय केलंत?" त्यांनी आनंदरावांना विचारलं. "आता त्या संशोधकाला तुमच्या सहीने कळवा. अहो, आत्ताच लिहा. मी थांबते."

आनंदरावांनी लिहायला घेतलं. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत.