कवडूचं तोंड

पहिल्यांदा मला राग आला तो ताराकाकूंचा. सकाळी साडेअकराला दुकानात दोन लग्नाची गिऱ्हाइकं बसलेली, समोर पत्रिकांचे नमुने पसरलेले, आणि या बाई चपला न काढता आत आल्या. एका हातात पट्टा, पट्ट्याला बांधलेला तपकिरी रंगाचा गावठी कुत्रा, दुसऱ्या हातात आमच्याच दुकानाचं पाकीट.

"मयुरा तूच का?"

"हो, काकू. बसा ना."

"बसायला नाही आली मी." त्यांनी पाकिटातलं कार्ड काढून कुत्र्याच्या तोंडाशेजारी धरलं. "हे बघ आणि हे बघ. सांग मला, हा कवडू आहे का? कुणी मारलं याला?"

महाल भागात माझं हे कार्डांचं दुकान सात वर्षांपासून आहे. लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका, वाढदिवसाची कार्डं, सगळं डिझाइन मीच करते. गिऱ्हाईक भांडतं ते तारीख चुकली म्हणून, आत्याचं नाव राहिलं म्हणून. कुत्र्याचा चेहरा चुकला म्हणून चार लोकांसमोर माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

"काकू, गौरांगदादांनी पास केलंय हे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा होकार आहे माझ्याकडे."

"त्याचा होकार ठेव तुझ्याजवळ. कवडूला विचारलंस का? यांना विचारलंस?"

गौरांग पांढरीपांडे हा त्यांचा मुलगा. आठवड्यापूर्वी तो आला होता. वडिलांचं, अनंतरावांचं, पंचाहत्तरावं वर्ष, घरी साठ माणसांचं जेवण. प्रत्येकाला एक गमतीचं कार्ड द्यायचं. अनंतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. बढती मिळाली तेव्हाचा, स्टुडिओत काढलेला त्यांचा एक फोटो त्याने आणला होता: कोट, टाय, मनगटावर घड्याळ, चेहरा जरासा डावीकडे वळवलेला. या फोटोत बाबांच्या जागी कवडूचं तोंड बसवायचं आणि खाली लिहायचं, 'घरचे खरे साहेब'. कारण आता बाबांच्या खुर्चीत कवडूच बसतो म्हणे.

"अ‍ॅपमध्ये करून पाहिलं मी," तो म्हणाला होता. "कुत्र्याच्या फोटोत चेहराच सापडत नाही म्हणते. तुम्ही हाताने करून द्या ना. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं! माणसाचा चेहरा माणसावर बसतो, कारण डोळे, नाक, तोंड साधारण त्याच जागी असतात. माणसाचे डोळे डोक्याच्या अर्ध्यावर. कवडूचे डोळे वर कपाळापाशी, आणि त्यांच्याखालून वीतभर मुस्कट पुढे आलेलं. हनुवटी म्हणावी असं काहीच नाही. त्यात गौरांगने दिलेला फोटो मोबाइलने अगदी जवळून, वरून काढलेला. नाक बटाट्याएवढं, कान गायब.

मी त्याला सांगितलं, "पूर्ण डोकंच बदलू. मानेपासून वर कुत्रा, खाली कोट. दुसरा फोटो लागेल."

"नाही नाही. बाबांचे केस आणि कान राहू द्या. नाहीतर बाबा आहेत हे कळणार कसं? फक्त तोंड बसवा."

मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. लग्नसराई होती, मी म्हटलं होऊन जाऊ दे. कवडूचे डोळे खाली ओढले. मुस्कट दाबून अर्धं केलं. बाबांचा चेहरा वळलेला आणि कवडूचा सरळ, म्हणून एका बाजूने गाल आत ढकलला, तोंडाचा कोपरा खाली खेचला. कडा पुसट करून केसांत मिसळल्या. झालं ते कुत्रा नव्हतं आणि माणूसही नव्हतं. पण गौरांगने हसणाऱ्या सहा इमोजी पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'एकदम भारी, छापा'. मी साठ कार्डं छापली.

"काकू, गमतीचं कार्ड आहे," मी आता म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "थोडं वाकडंतिकडं होणारच. कुत्र्याचं तोंड माणसाच्या तोंडात मावत नाही."

"नाही मावत ना? मग काहून कोंबलं?"

लग्नवाल्यांपैकी एक जण हसला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कार्डावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालं. तोंड वाकडं झालंय. इथून, असं." त्यांनी स्वतःच्या ओठाचा कोपरा बोटाने खाली ओढला. "आरशासमोर उभे राहत नाहीत. लोकांसमोर जेवत नाहीत. काल रात्री गौरांगने कौतुकाने कार्ड हातात दिलं. हे किती वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, माझं तोंड यांनी कार्डावर छापलं का गं?"

मी कार्ड हातात घेतलं. तोंडाचा तो कोपरा मीच खेचला होता, त्याच बाजूचा, तेवढाच. जुना कोट, जुना टाय, ते केस, आणि मध्ये एक ओघळलेला चेहरा.

"मला माहीत नव्हतं, काकू."

"तुला नव्हतं माहीत. त्याला होतं ना! पोटचा पोरगा आहे. त्याला दिसलं नाही?" त्यांनी कवडूचं तोंड माझ्याकडे वळवलं. "आणि या मुक्या जिवाचं नाक दाबून टाकलं. याचं नाक किती छान आहे बघ. लांब, सरळ. कुत्र्याला कुत्रा राहू द्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

कवडू शांतपणे टेबलाखालची दोरी हुंगत होता. त्याचा उजवा कान टोकाला फाटलेला होता. माझ्या कार्डात तो कानच नव्हता.

मला गौरांगचा इतका संताप आला की तिथेच फोन लावला. तो म्हणाला, "आई जरा जास्तच मनावर घेते. तुम्ही लक्ष देऊ नका."

"लक्ष मी आधीच द्यायला हवं होतं," मी म्हटलं. "ती कार्डं वाटायची नाहीत. सगळी परत आणा. दुसरी मी करून देते, पण माझ्या पद्धतीने."

"अहो, पण लोक ओळखतील का बाबांना?"

मी फोन ठेवला. लग्नवाल्यांना संध्याकाळी बोलावलं. ते कुरकुरत गेले.

दुपारी कॅमेरा घेऊन मी पांढरीपांड्यांच्या घरी गेले. अनंतराव खिडकीशी बसले होते, टॉवेल तोंडाशी धरून. मी नमस्कार केला, तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"काका, कार्ड मी बनवलं होतं," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तुमची थट्टा करायची नव्हती, पण झाली."

त्यांनी टॉवेलाआडून अडखळत विचारलं, "मग आता... कशाला आली?"

"कवडूचा नीट फोटो काढायला. तुमच्या जुन्या फोटोत मान जशी वळलीये, तशीच त्याची पाहिजे. उजेड ज्या बाजूने आलाय, त्याच बाजूने पाहिजे. तुमची मदत लागेल."

"उलटा करून घेता येत नाही का फोटो? म्हणजे कसाही काढला तरी चालेल," काकू म्हणाल्या. राग होताच, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही त्यांना.

"येतो की. पण मग फाटका कान डावीकडे जाईल."

"नको मग."

कवडूला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं, म्हणजे त्याचे डोळे माझ्या कॅमेऱ्याच्या उंचीला आले. मी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि झूम केलं. जवळून काढलं की नाक फुगतं. सगळं जमलं, फक्त कवडू माझ्याकडेच पाहत राहिला. मी चुटकी वाजवली, काकूंनी पोळी दाखवली. पोळी पाहून तो स्टुलावरून खालीच उतरला. असं चार वेळा झालं.

तेव्हा अनंतरावांनी टॉवेल मांडीवर ठेवला. ते खुर्चीसकट थोडे पुढे सरकले आणि डाव्या हाताच्या बोटांनी खिडकीच्या लाकडावर दोनदा टकटक केलं. कवडूची मान लगेच तिकडे वळली, कान उभे, फाटका कानसुद्धा.

"अजून थोडं, काका."

त्यांनी हात जरा मागे नेऊन पुन्हा टकटक केलं. मान आणखी वळली. जुन्या फोटोतल्या साहेबांची जेवढी वळलेली होती, अगदी तेवढीच. मी अकरा फोटो काढले.

यावेळी मी कवडूचं काहीच दाबलं नाही. मान, कान, मुस्कट, अख्खं डोकं घेतलं. कोटाच्या खांद्यांच्या मानाने ते लहानमोठं करून बघितलं. बाबांचं डोकं पुसलं, आणि कुत्र्याचं डोकं अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंना जी जागा उघडी पडली, तिथे स्टुडिओचा निळसर पडदा रंगवून भरला. मानेवरचे केस एकेक करून कॉलरवर आणले, म्हणजे कापून चिकटवल्यासारखं दिसू नये. मुस्कटाची सावली टायवर टाकली. कवडू फार स्वच्छ, फार आजचा दिसत होता; म्हणून त्याला जरा पुसट केलं, जुन्या फोटोचा पिवळटपणा आणि बारीक दाणे दिले. मुस्कट खांद्याच्या रेषेकडे झुकून पुढे आलं होतं. येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गौरांग दुकानात आला. जुनी कार्डं आणली होती, पण तोंड फुगलेलं. नवा नमुना पाहून म्हणाला, "भारी आहे. पण यात बाबा कुठे आहेत? हा तर नुसता कोट घातलेला कुत्रा झाला."

"हातातलं घड्याळ कुणाचं आहे? खांदा असा एका बाजूला टाकून कोण बसतं?"

त्याने नमुना डोळ्यांजवळ नेला.

"आणि ज्यांना तेवढ्यावरून ओळखता येत नाही," मी म्हटलं, "त्यांना तुम्ही जेवायला कशाला बोलावलंय?"

त्याला ते झोंबलं. तो काहीतरी बोलणार होता, पण हातातल्या गठ्ठ्यातलं वरचं जुनं कार्ड त्याने पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. तोंडाच्या त्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा गेला आणि तिथेच थांबला. मग म्हणाला, "ही फाडून टाका," आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

नमुना घेऊन मी स्वतः घरी गेले. अनंतरावांनी तो डाव्या हातात धरला, लांब केला, जवळ आणला. मग त्यांचा खांदा हलायला लागला. मला आधी वाटलं रडताहेत. ते हसत होते, वाकड्या तोंडाने, टॉवेल न घेता.

"टाय..." ते म्हणाले, "टाय माझ्यापेक्षा याला शोभतो."

ताराकाकूंनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, चष्मा लावला, कान पाहिला, नाक पाहिलं.

"हं. आता आहे कवडू." त्या माझ्याकडे वळल्या. "छाप. पण माझा राग गेला असं समजू नको. यांनी दोन दिवस काही खाल्लं नाहीये. ते मी विसरणार नाही."

"नका विसरू," मी म्हटलं.

"आणि जेवायला ये रविवारी."

मी गेले. दाराशी खुर्चीत अनंतराव बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताने स्वतः कार्ड देत होते. काकू मागे उभ्या होत्या, माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्या पानात त्यांनी दोनदा कढी वाढली.