सातव्या परिच्छेदाची जागा

नोकरी गेल्याचं कळलं त्या दिवशी कात्रीमामांच्या बायकोला जाऊन तेरा दिवस झाले होते. पत्र तसं चार दिवस आधीच आलं होतं. कारखान्याचं पाकीट म्हणजे सांत्वनाचं असणार, असं समजून मामांनी ते न फोडताच बायकोच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. मेव्हणीनं डबी उचलली, पाकीट फोडलं आणि वाचलं.

"दाजी, हे सांत्वन नाही. तुम्हाला काढलंय."

खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मामा बावीस वर्षं पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होते. पत्रात एकच आरोप होता: परवानगी न घेता, पाळी सुरू असताना यंत्र सोडून गेले. तो दिवस बायकोचा शेवटचा दिवस होता.

मेव्हणीनं वकीलबाई गाठल्या, रोजगार न्यायाधिकरणात दावा लागला. आता मामांचं साक्षीचं निवेदन शुक्रवारी पाचच्या आत दुसऱ्या बाजूला द्यायचं होतं. आज बुधवार. मामांनी घरून अकरा पानं लिहून आणली होती.

वकीलबाई वयानं मामांच्या निम्म्या. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "काका, चौथं पान आलं तरी तुम्ही अजून नोकरीला लागलेला नाहीत."

"पहिल्यापासून सांगायला नको?"

"ह्यांचं असंच," मेव्हणी म्हणाली. "ताईला बघायला आले तेव्हा नाव विचारलं, तर कुठली बस पकडली ते सांगत बसले."

"बस चुकली होती, म्हणून सांगितलं," मामा म्हणाले.

वकीलबाई हसल्या आणि टाइप करायला बसल्या. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, घडलं त्या क्रमानं. स्वतः पाहिलं-ऐकलं ते लिहायचं. दुसऱ्याकडून कळलं असेल तर कुणाकडून, तेही लिहायचं. "यावरच कंपनीचे वकील तुमची उलटतपासणी घेणार. म्हणून एकही शब्द माझा नको, सगळे तुमचे."

पाच परिच्छेद झरझर झाले. सहाव्याशी गाडी अडली.

"दवाखान्यातून फोन आला. मग?"

"मग गेलो."

"सुपरवायझरला विचारलंत?"

"विचारलं ना. 'बायकोचं जास्त झालंय, जाऊ का?' तो फोनवर बोलत होता."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही."

मेव्हणीनं कपाळावर हात मारला. "अहो दाजी, 'जा' म्हणाला असं लिहा की! तिथं कोण होतं ऐकायला?"

"मी होतो," मामा म्हणाले. "तो तसं म्हणाला नाही."

वकीलबाईंनी टाइप करणं थांबवलं. "बरं केलंत. खोटं एक वाक्य घातलं, तर बाकीची खरीही बुडतात. पण मग परवानगी दाखवायची कशी? काका, यंत्रापासून गेटपर्यंत एकेक पाऊल सांगा. आता बसही चालेल."

"यंत्र बंद केलं. बिल्ला काढला. केबिनमध्ये गेलो, विचारलं, बिल्ला दिला, टोकन घेतलं, गेटवर दिलं, बाहेर पडलो."

"थांबा. कसला बिल्ला? कसलं टोकन?"

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो. मधेच जायचं तर तो सुपरवायझरकडे द्यायचा. तो खणाचं कुलूप उघडून टोकन देतो. टोकनाशिवाय गेटवाला साहेबालासुद्धा सोडत नाही."

"टोकन त्यानं स्वतः दिलं? त्याच्या हातानं?"

"हो. मान खांद्याला लावून फोन धरला होता. बिल्ला खिळ्याला अडकवला, खण उघडला, टोकन पुढं केलं."

"आणि हे अकरा पानांत कुठंय?"

"ते काय सांगायचं? सगळ्यांना माहीतच असतं."

"कारखान्यातल्या सगळ्यांना!" वकीलबाई म्हणाल्या. "गेटवाला टोकन लिहून ठेवतो?"

"वहीत. नंबर, वेळ."

मेव्हणी हळूच म्हणाली, "बस नंबर आठवतो, आणि हे राहिलं."

मामा पहिल्यांदाच हसले. "तुझी ताई पण हेच म्हणाली असती. जरा मोठ्यानं."

वकीलबाईंनी सहावा परिच्छेद मामांच्याच शब्दांत लिहिला. सुपरवायझर काही बोलला नाही, हेही त्यात राहू दिलं. गेटची वही हजर करा, अशी मागणी त्यांनी लगेच कंपनीच्या वकिलांना पाठवली. मग सातव्याकडे वळल्या. "दवाखान्यात किती वाजता पोचलात, पुढं काय झालं. दोन ओळी पुरेत, काका. तुम्ही का गेलात ते त्यावरून कळेल."

मामांनी पेन घेतला. 'मी पोचलो तेव्हा' इथपर्यंत लिहिलं. मग टोपण लावलं.

"घरी लिहितो," ते म्हणाले.

"अकरा पानं नकोत हं," मेव्हणी म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

आठवा, नववा परिच्छेद झाला. सगळं खरं असल्याचं शेवटचं वाक्य टाइप झालं, त्याखाली सहीची रेघ आली. गुरुवारी संध्याकाळी वकीलबाईंनी फोन करून विचारलं. सही अजून व्हायची होती. गेटच्या वहीबद्दल उत्तर आलं नव्हतं. सातवा परिच्छेद लिहायचा राहिला होता.