चौघींचं प्रोजेक्ट

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याला प्रयोगशाळेत नवी मुलगी हवी होती. जागा एकच. मृणाली घवाळी सूक्ष्मजीवशास्त्रात नुकतीच बीएस्सी झालेली, आणि ही जागा मिळाली नाही तर नालासोपाऱ्याला काकाकडे जाऊन मिळेल ते काम करायचं, असं घरात ठरलेलं. मॉलमध्ये उभं राहायला तीन वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे फोडले का, असं तिला वाटायचं. पण ते ती मनातच म्हणायची.

मुलाखतीच्या दिवशी कारखान्यात बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी शमिका बसली होती, तिच्याच वर्गातली. दोघींचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्टही एकच. वाड्यांवरच्या विहिरींच्या पाण्यात जंतू किती, ते तपासायचं. कागदावर नावं चौघींची होती. खरं म्हणजे काम एकटीनेच केलं होतं, मृणालीने. पहाटे विहिरीवर जायचं, उकळून घेतलेल्या बाटल्या भरायच्या, मासेवालीकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवायच्या आणि पहिल्या एसटीने कॉलेज गाठायचं, कारण उशीर झाला की नमुना फुकट. खोक्याला बांगड्याचा वास, म्हणून कंडक्टर तिला मागच्या सीटवर पिटाळायचा. शमिका एकदा आली होती, फोटो काढायला. तोंडी परीक्षेच्या आधी मात्र मृणालीने तिला शेजारी बसवून सगळं घोकून घेतलं होतं. मैत्रीण नापास व्हायला नको ना!

मृणालीचं नाव आधी पुकारलं. आत मनुष्यबळ विभागाच्या नम्रता मॅडम आणि प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुप्रसाद नार्वेकर.

"टेल मी अबाउट युअरसेल्फ," मॅडम म्हणाल्या. "मराठीत सांगितलंस तरी चालेल."

मृणालीला हायसं वाटलं. नाव, गाव, वाडी सांगितली. वडील काशीराम, शेती. आई घरीच. भाऊ मुंबईला. आपल्याकडे कुणी 'तू कोण' विचारलं की हेच सांगतात, आणि तेवढ्यावर समोरच्याला माणूस कळतो. इथे मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"घरचं कळलं. तुझं सांग. काय शिकलीस, काय केलंस, इथे का यायचंय?"

"आम्ही विहिरींच्या पाण्यावर प्रोजेक्ट केलं."

नार्वेकर एकदम सरसावून बसले. कारखान्यात रोज पाणी आणि बर्फ तपासावा लागतो, त्यांना नेमकं असंच माणूस हवं होतं. "वा! त्यात तू स्वतः काय केलंस?"

हा प्रश्न म्हणजे चांगलं उघडलेलं दार होतं. पण तिला आत पाऊल टाकवेना. सगळं मीच केलं म्हणायचं? आणि बाहेर बाकावर शमिका बसलेली असताना? आपल्या तोंडाने आपली टिमकी वाजवायची? तिला कानापर्यंत लाज वाटली.

"तसं काही नाही सर. चौघींनी मिळूनच केलं. मी आपली मदतीला होते."

नार्वेकरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मागे टेकले. पुढचे दोन प्रश्न नुसते विचारायचे म्हणून विचारले.

मग शमिका आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. "मी विहिरींचे नमुने गोळा केले," शमिकाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मी ते बर्फात ठेवून पहिल्या एसटीने आणायचे. उलट्या नळीत वायू धरला, म्हणजे पाण्यात जंतू असल्याची शंका आली, की मी पुढची खात्रीची चाचणी लावायचे. हे काम मला आवडतं, म्हणून इथे आलेय." नार्वेकरांनी तिला उलटसुलट विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही. चुकणार कसं? घोकून घेणारी बाहेर बसली होती. मृणालीला उठून आत जावंसं वाटलं, आणि ती बसून राहिली.

तासाभरात शमिकाला पुन्हा आत बोलावलं आणि जागा तिला मिळाल्याचं सांगितलं. शमिका बाहेर आली तेव्हा तिला मृणालीच्या डोळ्यांकडे बघवेना. "अगं, मुलाखतीत 'मी'च म्हणायचं असतं," ती पुटपुटली. "तू म्हणाली असतीस, तर मी थोडीच..."

घरी पोचेपर्यंत मृणालीने सगळं मनातच दाबून धरलं. आई अंगणात कोकमं पसरत होती. निकाल ऐकून म्हणाली, "जाऊ दे गो. मैत्रिणीला तरी मिळाली ना."

तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "आई, ते सगळं काम मी केलं होतं! मी एकटीनं! सहा महिने!"

आई कोकमं सोडून उभी राहिली.

"मग तिथं सांगितलंस का नाय?"

मृणालीने आईकडे पाहिलं. लहानपणी पहिला नंबर आला म्हणून ती उड्या मारत घरी आली होती, तेव्हा पाहुण्यांदेखत 'एवढं मिरवायला काय झालं' म्हणून तिच्या पाठीत रट्टा घालणारी बाई ती हीच. आणि आईला ते आठवतही नव्हतं.