पाळणाघराची मुदत

“रडतंय ते पोर बरं असतंय, अंबू. गप्प पडलेलं दिसलं की हातातलं टाकून आधी त्याच्याजवळ जायचं.”

माझी आत्या केराबाई गावात सुईणपण करायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण सोलापूरच्या मिलमध्ये पाळणाघर सांभाळायला लागल्यापासून तिचा तपकिरीनं घोगरा झालेला आवाज रोज सकाळी माझ्या कानात यायचा. मी आधी सिद्धेश्वराला बेल वाहून यायचे, मग भोंग्याच्या आत कामावर. बेल वाहिल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा माझा नेम. विधवा बाईला नेमाचा आधार असतो. दिवस कुठून सुरू करायचा ते ठरलेलं असतं.

पाळणाघर म्हणजे सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यामागची लांब खोली. वाशांना बांधलेल्या झोळ्या, कोपऱ्यात दुधाची चूल. बाया सकाळी पोरं माझ्याकडे द्यायच्या आणि मधल्या सुट्टीत पाजायला यायच्या. पहिल्या पहिल्यांदा खोलीत नुसती शांतता असायची, कारण कामावर येण्याआधी प्रत्येक आई पोराला बाळगोळी द्यायची. अफूची ती बारीक गोळी चाटवली की पोर संध्याकाळपर्यंत झोपून राहायचं. कुणी वाईट बुद्धीनं देत नव्हतं. घरी सांभाळायला माणूस नसलं की मिलच्या बाईनं दुसरं काय करायचं?

मी मिलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, ते सांगतील तसं हळूहळू कमी करत आणलं, आणि बायांना म्हटलं, “रडू द्या. रडंल त्याला मी घेईन.” वर्ष गेलं त्यात. मग खोलीत इतका कालवा व्हायला लागला की पलीकडच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणाला, “अंबुबाई, पाळणाघर हाय का कोंबड्यांचं खुराडं?” मला त्या कालव्याचं बरं वाटायचं.

मार्च लागताच हपिसातले कारकून विरुपाक्ष बोलवायला आले. मॅनेजरसाहेबांनी समोरची खुर्ची दाखवली. मी बसले नाही, तर स्वतःच उठून म्हणाले, “बसा बाई. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही.”

मी बसले. त्यांनी पत्र हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

‘गं. भा. अंबुबाई यांस, सा. न. वि. वि. आपल्याशी झालेल्या दोन वर्षांच्या कराराची मुदत येत्या ३१ मार्च रोजी संपत आहे. ती पुढे वाढविण्यात येणार नाही, हे कळविताना वाईट वाटते. १ एप्रिलपासून पाळणाघर मिलच्या दवाखान्यातील नर्सबाईंकडे सोपविण्याचे ठरले आहे. आपल्या कामाविषयी किंवा वागणुकीविषयी कोणतीही तक्रार नाही. ३१ मार्चपर्यंत आपण नेहमीप्रमाणे कामावर यावे. त्या दिवसापर्यंतचा पगार आणि कामाचा दाखला त्याच दिवशी मिळेल. मनात आशा राहून आपली पुढची सोय करण्यास उशीर होऊ नये, म्हणून हे आधीच स्पष्ट लिहीत आहे. आपण मुलांना लावलेला जीव आम्ही पाहिला आहे.’

मी पुन्हा वाचलं. अक्षर सुरेख होतं, विरुपाक्षांचं.

“माझं काय चुकलं का, साहेब?”

“नाही. चुकलं असतं तर तसं लिहिलं असतं. करार दोन वर्षांचा होता, तो पुरा होतोय, एवढंच.”

“अर्ज केला तर?”

“करायचा तर करा, पण उत्तर हेच येईल. तुम्हाला उगीच आशेवर ठेवणं मला बरं वाटणार नाही.”

विरुपाक्षांनी वही पुढं केली. पत्र पोचलं म्हणून मी सही केली. दारापर्यंत ते माझ्याबरोबर आले आणि हळूच म्हणाले, “बाई, साहेबांनी तीनदा लिहायला लावलं हे. पहिल्यांदा लई कोरडं झालं होतं, दुसऱ्यांदा इतकं गोड की तुम्हाला ठेवतायत का काढतायत तेच कळंना.”

मला हसू आलं असावं. परत आले तेव्हा मल्लव्वाची पोरगी ओली झाली होती. मी लंगोट बदलला, झोळीला झोका दिला. हात आपले चालत होते. रडू येईल म्हणून मी वाट बघत राहिले, पण आलं नाही. आत नुसती राख पसरल्यासारखं झालं होतं.

मधल्या सुट्टीत बायांना सांगितलं.

मल्लव्वा अक्कलकोटाकडची, तोंडाची फटकळ. “अय्यो! काढलं तुला? त्या मॅनेजरच्या पोरांना सांभाळ म्हणावं त्या नर्सला! आमी समद्या अंगठे देतो की. कागदावर अंगठे उठले की साहेब वाकतोय.”

“काढलं न्हाय गं. मुदत संपली. मुदत संपली की अंगठ्यानं ती वाढत न्हाय.”

“मुदत म्हणजे काय भांड्यातलं दूध हाय व्हय, संपली म्हणायला?”

सगळ्या हसल्या. सुंदरम्मा तेवढी हसली नाही. तिचं घर साखर पेठेत, घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं. नवरा हातमागावर, सासू आंधळी. पहिली दोन लेकरं गेली होती, नरसू हे तिसरं. तो सगळ्यांत जास्त रडका आणि फक्त माझ्या खांद्यावर गप्प व्हायचा. ती त्याला पाजत खाली मान घालून बसली होती.

“अक्का, नर्सबाई रडणारी पोरं घेत नाही म्हणतेत,” ती म्हणाली.

“कोण म्हणतंय?”

“खात्यात म्हणतेत.”

“मला ठाऊक न्हाय. इचारून सांगते,” मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी नर्सबाई सुट्टीवर गेल्याचं कळलं, त्यामुळे विचारायचं राहिलं. भावाला करकंबला कार्ड टाकलं, की महिनाअखेर न्यायला ये.

पुढचा आठवडा कसा गेला ते आठवत नाही. बेल वाहिला, दूध तापवलं, झोळ्या धुतल्या. कुणी काही बोललं की तेवढ्यापुरतं ऐकू यायचं.

मग एके सकाळी मी चुलीपुढं बसले होते, आणि दूध उतू जायला लागल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एवढा बारीक आवाज या खोलीत एरवी ऐकू येत नसे. मी मान वर केली. एकही पोर रडत नव्हतं.

दूध तसंच टाकून उठले. मल्लव्वाची पोरगी झोपेत होती, हलवल्यावर कुरकुरली. पलीकडचं पोर डोळे उघडून मिटायला लागलं. नरसूला उचललं तर मान एकीकडे कलंडली. ओठ काळसर, श्वास मोजून घेतल्यासारखा, मध्येच थांबणारा.

मी दारातून ओरडले. माझा आवाज कधी कुणी मोठा ऐकला नव्हता. जॉबर स्वतः दवाखान्याकडे पळाला. डॉक्टर आले, त्यांनी नरसूच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, “अफू. याची सवय मोडली होती ना? मग जुनी गोळी आता याला झेपायची नाही. झोपू देऊ नका.” त्यांनी नळीनं पोट धुतलं, सुई टोचली. मी त्याचे तळपाय चोळत राहिले, नाव घेत राहिले. त्याचं घेत होते का देवाचं, ते कळत नव्हतं.

सुंदरम्माला खात्यातून बोलावलं. ती दारातच बसली.

“काय दिलंस गं?”

“सगळ्यांनीच दिलं, अक्का. तू जाणार. नर्सबाई रडक्या पोराला दारातनं परत लावणार. मग आत्तापासूनच सवय पाहिजे की. नंतर एकदम कशी लागंल?”

तिनं हे अगदी सरळ सांगितलं. साहेबांनी मला सोय करायला वेळ दिला होता, आणि त्या वेळात या बायांनी आपापली सोय केली होती.

संध्याकाळी भोंगा व्हायच्या सुमारास नरसू रडला. आधी मांजरासारखा, मग नेहमीसारखा, खोली डोक्यावर घेऊन. मल्लव्वा पदर तोंडाला लावून म्हणाली, “रड बाबा. रड, माझ्या सोन्या. कोण गप म्हणतंय बघते.” डॉक्टर हात पुसत म्हणाले, “आता भीती नाही.” त्या दिवशी मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

नर्सबाई परत आल्या त्या दिवशी मी त्यांना खोलीत घेऊन आले आणि बायांसमोर विचारलं. त्या तरण्या होत्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रडणारं मूल घेणार नाही असं मी कधी म्हटलं? रडणारं घेईन. गोळी दिलेलं आणलंत तर तेही घेईन, पण तुम्हाला बोलावून डॉक्टरांपुढं उभं करीन.”

“लई कडक हाय की गं,” मल्लव्वा माझ्या कानात म्हणाली. “पण खोटी वाटत न्हाय.”

सुंदरम्माला मात्र धीर येईना. बाकीच्या गेल्यावर तिनं माझा हात धरला. “अक्का, हा तुझ्याशिवाय कुणाकडं जात नाही. पहिल्या दिवशी दारात इतका रडंल, की माझा हात परत गोळ्यांच्या डबीकडं जाईल. मला माझाच भरवसा नाही.”

“पहिल्या दिवशी मी येईन,” मी म्हटलं. “तुझ्या घरनं तो मी आणीन आणि नर्सबाईंच्या हातात मी देईन. डबी कुठं हाय?”

तिनं कनवटीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती तशीच डॉक्टरांकडे दिली.

एकतीस तारखेला साहेबांनी पगार आणि दाखला दिला. दाखल्यात पत्रातल्यासारखंच चांगलं लिहिलं होतं. मी खोलीची किल्ली नर्सबाईंना दिली, कोणत्या झोळीची दोरी झिजलीय ते दाखवलं. विरुपाक्ष म्हणाले, “येत जा बाई कधी.” गेटावरच्या पठाणानं सलाम केला. मीही केला. माझ्या आत अजून राखच होती.

घरी भाऊ जोतीराम येऊन बसला होता. रात्री त्यानं माझं बोचकं बांधून टाकलं. पहाटे मी अंघोळ करून बेल घेऊन निघाले, तेव्हा तो अंथरुणातूनच म्हणाला, “देवाला चाललीस?”

“देवाला, आन् तितनं साखर पेठेत, नरसूला घ्याया. मग मिलच्या गेटापातूर.”

“आता कशाला मिलमधी? नोकरी संपली न्हवं तुजी?”

“संपली की.”

“मग तुला आत कोण सोडणार?”

“आत न्हाय जायाचं. गेटापातूरच. नर्सबाई तितं येणार हायेत.”

“आन् गाडी?”

“दुपारची धरू. चूल पेटवून ठिव, पाणी तापव.”

तो काहीतरी पुटपुटला आणि कुशीवर वळला. मी कवाड ओढून घेतलं आणि भोंग्याच्या आत पोचावं म्हणून जरा झपझप चालायला लागले.